‘असून’, ‘समजते’, ‘आढळून आले’: गृहभेटीची नोंद तपासताना

प्रश्न: मी एका संस्थेत सहा वर्षं वस्त्यांवर काम केलं, दोन महिन्यांपूर्वी पर्यवेक्षक झाले. बाल कल्याण समितीकडून येणाऱ्या प्रकरणांत आमच्या चार कार्यकर्त्यांच्या गृहभेटीच्या नोंदी माझ्याकडे तपासायला येतात. ‘वस्तुनिष्ठ लिहा, स्वतःचं मत घालू नका’ एवढंच मला सांगता येतं. कुठलं वाक्य चुकलं आणि का, हे दाखवता येत नाही. शिवाय मत अजिबात नको म्हटलं तर शिफारस कशाच्या जोरावर करायची? नोंद तपासायची नेमकी रीत काय?

उत्तर:

आधी एक नोंदच समोर ठेवते. मराठवाड्यातली आहे, ऊसतोडीच्या हंगामातली. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि तपशीलही थोडे फिरवलेत. पण भाषा जशीच्या तशी आहे, कारण मुद्दा भाषेचाच आहे.

“दि. १४ डिसेंबर. आज मुलीच्या घरी भेट दिली. कुटुंबाची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून घरात कमालीची अस्वच्छता आढळून आली. मुलीचे आईवडील ऊसतोडीसाठी स्थलांतरित झाले असून त्यांना मुलीच्या शिक्षणाबाबत आस्था नाही. मुलगी आजीकडे राहते. आजी वयोवृद्ध असून मुलीचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे. आजी मुलीस मारहाण करते असे समजते. मुलगी घाबरलेली व दडपणाखाली दिसून आली. चुलता व्यसनाधीन असून भेटीच्या वेळी घरीच होता, त्यामुळे मुलीच्या सुरक्षिततेस धोका आहे. मुलगी शाळेत अनियमित आहे. मुलीस बालगृहात दाखल करणे उचित राहील.”

ही नोंद आळशी कार्यकर्तीची नाही. तिनं दोन बस बदलून ती वस्ती गाठली होती, शाळेतही जाऊन आली होती. नोंद शुद्ध आहे, नीट क्रमानं आहे, शेवटी शिफारसही आहे. पहिल्या वाचनात मी स्वतः सही करायच्या बेतात होते.

मग मी नेहमीचं केलं. पेन्सिल घेतली आणि प्रत्येक विधानापुढे समासात एक अक्षर लिहीत गेले. कार्यकर्तीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर ‘पा’. कोणी सांगितलं तर ‘ऐ’, आणि त्यापुढे सांगणाऱ्याचं नातं. कागद पाहिला तर ‘का’. तिनं स्वतः काढलेला निष्कर्ष असेल तर ‘म’. आणि वाचून यातलं काहीच ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह. रीत म्हणाल तर एवढीच. प्रत्येक विधानाला एकच विचारायचं: हे तुला कुठून कळलं? मत आहे की तथ्य आहे हा वाद इथं घालत बसू नका, त्यात तासन्‌तास जातात आणि कार्यकर्तीला वाटतं आपली परीक्षा चाललीय. ‘कुठून कळलं’ याला मात्र तिच्याकडे उत्तर असतं.

या नोंदीत प्रश्नचिन्हंच जास्त निघाली. ‘मुलगी आजीकडे राहते’ यालासुद्धा निघालं. कोण म्हणालं? आजी, शिक्षक, की समितीच्या पत्रातून उतरवलं?

आता यात लपलंय कसं ते बघा, कारण तुम्हाला चूक दाखवता येत नाही याचं कारण तिथंच आहे. आपण सगळे सरकारी मराठीत लिहायला शिकलो, आणि त्या मराठीत ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीसारखी दिसायची सोय आयतीच आहे. ‘आढळून आले’ म्हणजे कोणाला आढळलं? ‘समजते’ म्हणजे कोणाकडून समजलं? ‘दिसून आले’, ‘निदर्शनास आले’ या सगळ्या क्रियापदांना कर्ता नाही. बोलताना आपण ‘शेजारीण म्हणाली’ म्हणतो, लिहायला बसलो की तीच शेजारीण ‘समजते’मध्ये गडप होते.

दुसरा चोर ‘असून’. ‘आईवडील ऊसतोडीसाठी स्थलांतरित झाले असून त्यांना मुलीच्या शिक्षणाबाबत आस्था नाही.’ पहिला अर्धा भाग खरा आहे, कोणीही पडताळून पाहावा. दुसरा अर्धा भाग कार्यकर्तीच्या मनातला आहे. मधला ‘असून’ त्या दोघांना असा शिवतो की पहिल्याचा खरेपणा दुसऱ्याला आपोआप लागू होतो. या एका नोंदीत हे चार वेळा झालंय: हलाखी असून अस्वच्छता, स्थलांतर असून अनास्था, वयोवृद्ध असून असमर्थ, व्यसनाधीन असून घरी. माझ्या कार्यकर्त्यांना मी सरळ नियम घातलाय की गृहभेटीच्या नोंदीत ‘असून’ दिसला की वाक्य तिथं तोडायचं, पूर्णविराम द्यायचा आणि दुसरा तुकडा एकट्यानं उभा राहतो का बघायचं. ‘त्यांना मुलीच्या शिक्षणाबाबत आस्था नाही.’ एकटं वाचलं की लिहिणारीलाच ते खटकतं.

तिसरा ‘त्यामुळे’. तो कार्यकारण जोडतो, आणि कारण कधी पाहता येत नसतं. निरीक्षणाच्या भागात ‘त्यामुळे’ आला की तिथं मत शिरलं असं धरून चाला.

पेन्सिल फिरवून झाल्यावर मी कार्यकर्तीला बोलावलं, पण नोंद परत दिली नाही. “तुमची कच्ची वही आणा,” म्हटलं. हे महत्त्वाचं आहे. नोंदीत प्रश्नचिन्ह निघण्याची कारणं दोन असतात. एकतर तिला माहीत आहे पण लिहिलं नाही, किंवा तिनं विचारलंच नाही. पहिल्यात लिखाण सुधारायचं असतं, दुसऱ्यात परत भेट द्यावी लागते. नुसती नोंद वाचून या दोहोंतला फरक कळत नाही, वही बघितली की पाच मिनिटांत कळतो.

वहीत बरंच होतं. भेट दुपारी साडेचार ते पाचला पाच कमी. पंचवीस मिनिटं. हा आकडा नोंदीत नव्हता आणि तो असायला हवा होता, कारण पंचवीस मिनिटांत काय कळू शकतं आणि काय नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं. एका समितीसमोर मी पाहिलंय, सदस्यांनी पहिला प्रश्नच विचारला, “तुम्ही घरात किती वेळ होतात?” आमच्या कार्यकर्त्याला सांगता आलं नाही, आणि पुढचा अख्खा अहवाल त्या सदस्यांनी हातात धरूनसुद्धा वाचला नाही.

‘कमालीची अस्वच्छता’ म्हणजे काय पाहिलं, असं विचारलं. पत्र्याची एक खोली. दाराशी दुपारची खरकटी भांडी, त्यात कोंबड्या. एका कोपऱ्यात अंथरुणाच्या घड्या घातलेल्या. पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण. म्हणजे घड्या आणि झाकण वहीत होते, पण नोंदीतल्या ‘अस्वच्छते’त आली ती फक्त भांडी आणि कोंबड्या. तिनं मुद्दाम लपवलं असं अजिबात नाही. ‘अस्वच्छता’ हा शब्द एकदा मनात आला की तो आपल्या सोयीचं तेवढं उचलतो. वस्तू लिहिल्या असत्या तर दोन्ही बाजूंच्या आल्या असत्या. आणि दुपारी साडेचारला दाराशी खरकटी भांडी माझ्या घरीही असतात, फक्त कोंबड्या नसतात.

‘आईवडिलांना आस्था नाही’ हे कोण म्हणालं? कोणीच नाही. आईवडिलांना फोन केला होता का? नाही. वहीत मात्र आजीचं एक वाक्य होतं, “पोरीची साळा बुडू नये म्हणून तर ठिवली माझ्यापाशी.” म्हणजे आजीच्या सांगण्याप्रमाणे मुलीला मागे ठेवण्याचं कारणच शाळा होतं. ज्या एका वाक्यानं नोंदीतला निष्कर्ष उलटा होऊ शकतो तेच वगळलं गेलं. आजी म्हणते म्हणून ते खरंच असेल असं नाही. पण ते ‘ऐ – आजी’ म्हणून यायलाच हवं होतं.

‘आजी मारहाण करते असे समजते’ इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ‘समजते’मागे दोन माणसं निघाली. शेजारीण म्हणाली होती, “म्हातारी बडविती कधीमधी, आवाज येतो.” म्हणजे तिनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आणि मुलगी म्हणाली होती, “आज्जी लई खवळती.” कार्यकर्तीनं दोन्हींची मोट बांधून ‘मारहाण’ केली. पण खवळणं म्हणजे रागावणं, ओरडणं. मुलीनं मारण्याबद्दल एक अक्षरही काढलं नव्हतं. तिला तसं विचारलंही नव्हतं, म्हणून आजी मारत नाही असंही यातून निघत नाही. बोलीतला शब्द प्रमाण मराठीत आणताना तो जड होतो किंवा हलका होतो, आणि मुलांच्या बाबतीत दोन्ही धोक्याचं. म्हणून मुलाचे शब्द अवतरणात, त्याच्याच बोलीत, आणि त्याआधी आपण काय विचारलं तेही लिहायचं. “आजी मारते का?” या प्रश्नाला “हो” आणि “आजी कशी आहे?” या प्रश्नाला “खवळती” यांची किंमत एक नाही. दुभाषा असेल तर तो कोण, मुलाचा कोण लागतो, हेही. आईचं बोलणं चुलतीनं हिंदीतून मराठीत करून सांगितलं असेल तर ते आईचं नाही, चुलतीनं सांगितलेलं आईचं बोलणं आहे.

इथं एक सावधगिरी सांगून ठेवते. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल काही बोललं, किंवा तशी रास्त शंका आली, तर तपासायची गोष्ट नोंदीची भाषा नसते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि ते शंकेवरही लागू होतं. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणून मुलाला खोदून विचारत बसू नका, जे बोललं तेवढं त्याच शब्दांत लिहा आणि कळवा.

आता चुलता. ‘व्यसनाधीन’ कशावरून? “बाजेवर आडवे होते, डोळे लाल होते.” वास आला? “नाही, मी दारापाशी होते.” बोलणं अडखळत होतं? “बोललेच नाहीत फारसे.” मग? शेजारीण म्हणाली, पितो. कधी पाहिलं तिनं? “पोळ्याला पाहिलं होतं म्हणाली.” म्हणजे चार महिन्यांपूर्वी, सणाच्या दिवशी, एकदा. लाल डोळे हे निरीक्षण आहे, ते लिहावंच. पण डिसेंबरात, गहू-हरभऱ्याच्या दिवसांत, शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर रात्रभर पिकाला पाणी देऊन गावातला निम्मा पुरुषवर्ग दिवसा लाल डोळ्यांनी झोपलेला असतो. पुढच्या भेटीत तो तेच म्हणाला, “रातची लाईट हाय, दारं धरून येतो.” तो म्हणाला म्हणून तो पीत नाही असं होत नाही, तेही ‘ऐ – चुलता’ एवढंच. पण लाल डोळ्यांवरून व्यसनाधीनतेवर आणि तिथून ‘त्यामुळे धोका’वर जी उडी मारली होती, तिच्याखाली जमीन नव्हती हे तर कळलं.

आणि गंमत म्हणजे, नोंदीतलं खरं काळजीचं निरीक्षण त्या ‘दडपणाखाली दिसून आली’मध्ये पुरलं गेलं होतं. मी विचारलं, तुम्हाला ‘घाबरलेली’ का वाटली? तिनं वही न बघता सांगितलं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत होती, आणि प्रत्येक वेळी आधी बाजेकडे बघत होती. मग चुलता उठून बाहेर गेला आणि मुलगी आपणहून आजीजवळ येऊन बसली, शाळेबद्दल, लहान भावाबद्दल बोलायला लागली. ‘आज्जी लई खवळती’ हेही आजीच्या शेजारी बसून, हसत म्हणाली होती.

हे ऐकल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. ‘घाबरलेली व दडपणाखाली’ या शब्दांतून वाचणाऱ्याला वाटेल की ती आजीला घाबरते, कारण मागचंच वाक्य आजीच्या मारहाणीचं आहे. प्रत्यक्षात जे दिसलं ते उलट दिशेला बोट दाखवत होतं. मनाची अवस्था सांगणारे शब्द – घाबरलेली, नाराज, समाधानी, उदासीन, असहकारी – नोंदीत आले की मी हटकून थांबते ते यासाठी. ते निरीक्षणासारखे वाटतात, पण निरीक्षण खाऊन टाकतात. कोणाकडे बघितलं, कधी गप्प झाली, कोण गेल्यावर बोलली हे लिहिलं असतं तर समितीला दुसरा प्रश्न पडला असता.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगते, लाज वाटते पण सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका आईबद्दल ‘सहकार्य करत नाही, प्रश्नांना उत्तर देणे टाळते’ असं लिहिलं. पुढं तीन अहवालांत ते वाक्य माझ्या आणि इतरांच्याही हातून उतरत गेलं. सात महिन्यांनी एका परिचारिकेच्या लक्षात आलं की त्या बाईला डाव्या कानानं ऐकूच येत नव्हतं, आणि मी दर वेळी तिच्या डावीकडे बसले होते. ‘दोन प्रश्नांना उत्तर दिले नाही, तिसरा मोठ्याने विचारल्यावर दिले’ एवढं पाहिलेलं लिहिलं असतं तर कोणीतरी आधीच ओळखलं असतं.

शाळेचं वाक्य त्यामानानं सोपं. ‘अनियमित’ यामागे ‘का’ होता, कारण तिनं हजेरीपत्रक पाहिलं होतं: १ ते १३ डिसेंबर, शाळेचे ११ दिवस, हजेरी ६. नोंदीत आकडे लिहायला हवे होते, एवढंच. पण आकड्यांसोबत वहीत शिक्षकांचं वाक्य होतं: आजी कापूस वेचायला गेली की ही तीन वर्षांच्या भावाला सांभाळायला घरी राहते. मुलगीही चुलता गेल्यावर तेच म्हणाली होती. दोन वेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या जागी, एकमेकांसमोर नसताना सांगितलेलं. असं जुळलं की त्याला वजन येतं. शेजारीण आणि तिची जाऊ एकाच ओट्यावर बसून एकच गोष्ट सांगतात तेव्हा येत नाही.

मग तुमचा दुसरा प्रश्न, मत नको तर शिफारस कशी. मत हवंच. समितीला माहिती गोळा करणारा शिपाई नको असतो, तिथं जाऊन आलेल्या प्रशिक्षित माणसाला काय वाटतं हे हवं असतं. बाल न्याय नियम २०१६ मधला सामाजिक तपास अहवालाचा नमुना २२ घ्या, त्यातही शेवटी विश्लेषण आणि शिफारस यांना जागा आहे. फक्त मताची खोली वेगळी हवी आणि तिच्या दाराला पाटी हवी. मी मताच्या प्रत्येक वाक्याकडे तीन गोष्टी मागते: ‘माझे मत’ हे शब्द, ते वरच्या कोणत्या निरीक्षणावर उभं आहे, आणि त्याच निरीक्षणाचा दुसरा कोणता अर्थ निघू शकतो. तिसरी गोष्ट लिहायला लोक नाखूश असतात, वाटतं आपलंच म्हणणं कच्चं पडतं. पण ती लिहिली की पुढच्या भेटीत काय विचारायचं हे आपोआप ठरतं.

कार्यकर्तीनं त्याच दिवशी वहीवरून नोंद पुन्हा लिहिली. तिचा मधला भाग असा होता:

“भेटीची वेळ दु. ४.३० ते ४.५५. हजर: मुलगी, आजी, लहान भाऊ, चुलता सुमारे ४.४५ पर्यंत. मी दाराजवळ बसले होते. चुलता बाजेवर आडवा होता, डोळे लाल होते; वास जाणवला नाही, अंतर सुमारे आठ फूट. तो घरात असेपर्यंत मुलगी चौकटीला धरून उभी राहिली. मी विचारलेल्या चार प्रश्नांना एका शब्दात उत्तर दिले, प्रत्येक वेळी आधी चुलत्याकडे पाहिले. तो बाहेर गेल्यावर आजीजवळ येऊन बसली आणि स्वतःहून बोलू लागली. ‘आजी कशी आहे?’ असे विचारले असता हसून म्हणाली, ‘आज्जी लई खवळती.’ मारण्याबाबत मी विचारले नाही. मुलीचा चेहरा, कोपरापर्यंत हात व गुडघ्याखाली पाय दिसत होते, तेथे जखम वा वळ दिसला नाही. इतर भाग पाहिलेला नाही. शेजारील महिलेने सांगितले: ‘म्हातारी बडविती कधीमधी, आवाज येतो.’ तिने स्वतः पाहिलेले नाही असे विचारल्यावर सांगितले.

माझे मत: चुलत्याच्या उपस्थितीत मुलगी मोकळी बोलत नाही. आधार: वरील वागणुकीतील फरक. अन्य शक्यता: घरातील मोठ्या पुरुषासमोर न बोलण्याची पद्धत, अनोळखी व्यक्तीचा संकोच, जो काही वेळाने गेला असेल. शाळेतील गैरहजेरीचे मुख्य कारण भावाचा सांभाळ हे असावे. आधार: शिक्षक व मुलगी यांचे स्वतंत्र सांगणे, हजेरीच्या तारखा व आजीचे कामाचे दिवस अद्याप जुळवून पाहिलेले नाहीत. अद्याप माहीत नाही: आईवडिलांचे म्हणणे, आजी मारते का, चुलता रात्री घरी असतो का. शिफारस: मुलीची शाळेत एकटीने भेट होईपर्यंत बालगृहाबाबत निर्णय घेऊ नये.”

‘इतर भाग पाहिलेला नाही’ हे वाक्य मला या नोंदीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘अंगावर जखमा नाहीत’ असं लिहिणं किती सोपं होतं, आणि ते खोटं झालं असतं. न पाहिलेलं न पाहिलेलं म्हणून लिहिणं हे तथ्यच आहे. पण याचा अतिरेकही होतो. एकदा ही शिस्त लागली की काही कार्यकर्ते भीतीपोटी भिंतीच्या रंगापासून सगळं लिहितात आणि आठ पानांची नोंद आणतात, ज्यात काहीच म्हटलेलं नसतं. निवड करावीच लागते, आणि निवड हेच एक मत असतं, त्यातून सुटका नाही. माझा निकष असा की समोरच्या निर्णयाला धरून असलेलं लिहायचं, आणि जे आपल्या मताच्या विरुद्ध जातं ते कधीच गाळायचं नाही.

तुम्ही पर्यवेक्षक म्हणून एक चूक मात्र करू नका, मी अनेक वर्षं करत होते. नोंद स्वतः दुरुस्त करू नका. तुम्ही तिथं गेला नव्हतात. ‘अस्वच्छता’ खोडून तुम्ही ‘भांडी अस्ताव्यस्त होती’ लिहिलंत तर ती निरीक्षणासारखी दिसणारी तुमची कल्पना झाली. शुद्धलेखनाला हात लावा, आशयाला नाही. समासात प्रश्न लिहा आणि उत्तर तिला लिहू द्या. कार्यकर्तीला घटना आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेच उत्तर. चार दिवसांनी वहीशिवाय लिहिलेल्या नोंदीला तर मी ‘पा’ देतच नाही, तिथं ‘आठवणीतून’ असं लिहायला लावते आणि लिहिल्याची तारीख वेगळी घालायला लावते.

झटपट चाचणी हवी असेल तर ही घ्या: नोंदीतलं वाक्य उचलून दुसऱ्या कुटुंबाच्या नोंदीत ठेवा. तिथंही चपखल बसलं तर ते पाहून लिहिलेलं नाही. ‘कुटुंबाची परिस्थिती अत्यंत हलाखीची’ हे वाक्य तुमच्या चारही कार्यकर्त्यांच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत सापडेल, बघा. ‘अंथरुणाच्या घड्या होत्या, हंड्यावर झाकण होतं, दाराशी खरकट्यात कोंबड्या होत्या’ हे दुसरीकडे बसत नाही.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडचण तीच असणार. बाल न्याय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपास पंधरा दिवसांत पूर्ण करायचा असतो, आणि एका कार्यकर्तीकडे अशी बरीच प्रकरणं असतात. म्हणून मी सगळ्या नोंदींवर पेन्सिल फिरवत नाही. ज्यात मुलाला घरातून हलवायची किंवा परत पाठवायची शिफारस आहे, त्यावर हमखास फिरवते. बाकीच्यांतल्या दर आठवड्याला दोन, न सांगता निवडलेल्या. त्याच कायद्याच्या कलम ९९ खाली अहवाल गोपनीय असतो, पण समितीला योग्य वाटलं तर त्याचा आशय मुलाला, पालकांना कळवता येतो आणि त्यावर पुरावा द्यायची संधीही देता येते. कार्यकर्तीला मी हे असं सांगते: “हे वाक्य त्या आजीला समोर बसवून वाचून दाखवता येईल का?” ‘दाराशी भांडी होती’ वाचून दाखवता येतं. ‘सांभाळ करण्यास असमर्थ’ वाचताना आवाज खाली जातो, आणि मग कुठल्या आधारावर असमर्थ म्हटलं ते शोधावं लागतं. आजीचं वय कार्यकर्तीनं अंदाजानं धरलं होतं. ती दिवसभर वाकून कापूस वेचते हे तिच्याच वहीत होतं.

या प्रकरणात पुढं काय झालं ते थोडक्यात. कार्यकर्ती चार दिवसांनी शाळेत जाऊन मुलीला एकटीला भेटली. मुलगी म्हणाली, “काका म्हणतो घरचं भायेर सांगायचं नाय.” यापुढं ती बोलली नाही आणि कार्यकर्तीनं ओढून काढलं नाही. हे वाक्य नोंदीत जसंच्या तसं गेलं, मताच्या खोलीत ‘याचा अर्थ अजून स्पष्ट नाही’ एवढंच. आईवडिलांशी फोनवर बोलणं झालं. भावाचं नाव अंगणवाडीत घातलं गेलं. समितीनं मुलीला आजीकडेच ठेवलं आणि हंगाम संपेपर्यंत दर पंधरवड्याला शाळेत भेट घेऊन नोंद द्यायला सांगितलं.

तुमच्याकडे आधीच समितीला गेलेल्या अशा जुन्या नोंदी असतील, त्या बदलून नवीन लावू नका आणि पांढरी शाई तर अजिबात वापरू नका. मूळ नोंद तशीच राहू द्या. वेगळ्या कागदावर, आजच्या तारखेनं, ‘पूरक नोंद’ असं लिहून कार्यकर्तीच्या सहीनं द्या: अमुक तारखेच्या नोंदीतील ‘समजते’ हे शेजारील महिलेच्या सांगण्यावरून होते, ‘व्यसनाधीन’ या शब्दाला माझ्याकडे आधार नाही. सुरुवात त्या प्रकरणांपासून करा ज्यात मूल सध्या घराबाहेर आहे.